मदत हवी आहे: सर्व्हेच्या बक्षिसासाठी कार्ड दिलं, आता मोठी रक्कम गेली

निळीशाई
घाईत लिहितेय. फोनवर स्क्रोल करताना एक सर्व्हे आला, बक्षीस म्हणून हेडफोन. फक्त डिलिव्हरीची किरकोळ रक्कम कार्डाने भरायची होती, ती भरली. आज त्याच्या कितीतरी पट रक्कम गेल्याचा मेसेज आला. बँकेत फोन केला तर म्हणतात, "व्यवहार तुम्हीच मंजूर केला आहे." पैसे परत कसे मिळवायचे?

खटपट्या
कार्ड ब्लॉक करा, विषय संपला.

जुनाखातेदार
थोडं थांबा, आधी सांगा: क्रेडिट कार्ड की डेबिट? किरकोळ रक्कम कधी भरलीत? ओटीपी आला होता का आणि त्या मेसेजमध्ये नेमकं काय लिहिलं होतं? मोठी रक्कम कापली गेली आहे की अजून "पेंडिंग" दिसतेय?

मृगजळ
माझ्या मावशीचंही असंच झालं. तिला तीन खोके दाखवले होते, पहिले दोन रिकामे आणि तिसऱ्यात फोन! मग लिंक वीस जणांना पाठवायला सांगितली. तिने सगळ्या नातेवाइकांना पाठवली. कार्ड नव्हतं म्हणून वाचली, पण आता लग्नकार्यात सगळे तिलाच विचारतात.

निळीशाई
क्रेडिट कार्ड. किरकोळ रक्कम बरोबर १४ दिवसांपूर्वी. ओटीपी तेव्हा आला, मी टाकला, पण मेसेज नीट वाचला नाही. आजच्या व्यवहाराला ओटीपी आलाच नाही. अजून पेंडिंग आहे. मलाही खोकेच उघडायला लावले होते, बाजूला घड्याळ उलटं चालत होतं.

चार्वाक_७
हेडफोन आले नसतील तर पार्सलचा ट्रॅकिंग नंबर मागा. कधीकधी उशीर होतो.

निळीशाई
हेडफोन नकोत मला आता!

जुनाखातेदार
१४ दिवस आणि ओटीपीशिवाय कपात, म्हणजे ही बहुधा वर्गणी आहे. अशा पानांवर बटणाखाली फिक्या अक्षरांत लिहिलेलं असतं की किरकोळ रकमेत काही दिवसांची चाचणी सदस्यता सुरू होते आणि मुदत संपली की दर महिन्याला पूर्ण शुल्क. पहिल्या ओटीपीने तुम्ही त्या व्यापाऱ्याला पुढेही कापायची परवानगी दिलीत, असं ते धरतात. पुढच्या कपातीला मागचे तीन आकडेसुद्धा लागत नाहीत. बक्षीस हे नुसतं आमिष.

खटपट्या
मग माझंच बरोबर ना? नवीन नंबरचं कार्ड घ्या, जुन्यावर कोण कापणार?

जुनाखातेदार
अर्धं बरोबर. चोर कार्डाचा नंबर वापरत असेल तर ब्लॉक करणं हाच उपाय. पण वर्गणी नव्या नंबरावरही चालू राहू शकते. कार्ड नेटवर्ककडे अशी सेवा असते की नवं कार्ड निघालं की त्याचा नंबर नोंदणी केलेल्या व्यापाऱ्यांकडे आपोआप जातो. वर्तमानपत्राच्या वर्गणीत खंड पडू नये म्हणून केलेली ही सोय इथे उलटते. म्हणून कार्ड बदलाच, पण बँकेला स्पष्ट सांगा की या व्यापाऱ्याची आवर्ती परवानगी रद्द करा.

खटपट्या
त्यापेक्षा "हा व्यवहार मी केलाच नाही" असं लिहून द्या. फसवणूक म्हटलं की बँक हलते.

जुनाखातेदार
हे अजिबात करू नका. मी कार्ड तक्रारींच्या टेबलावर बरीच वर्षं काम केलंय. पहिल्या रकमेच्या ओटीपीची नोंद बँकेकडे असते. ती समोर आली की तुम्ही खोटं बोललात असं ठरतं आणि तक्रार फेटाळली जाते. खरं तेच लिहा: किरकोळ रक्कम मी भरली, मासिक शुल्काची अट मला स्पष्ट दाखवली नव्हती, वस्तू मिळालेली नाही, सदस्यता मी अमुक तारखेला रद्द केली. ही वेगळ्या कारणाची तक्रार आहे, ती वेगळ्या रकान्यात जाते.

मृगजळ
पण रद्द कुठे करायची? साईट तर आठवत नसेल.

जुनाखातेदार
पेंडिंग नोंदीत व्यापाऱ्याचं नाव दिसतं, बरेचदा त्यालाच जोडून फोन नंबर किंवा पत्ता. निळीशाई, इनबॉक्समध्ये "welcome" किंवा "trial" शोधा, स्पॅममध्येही. त्यांना ईमेल करून रद्द करा, तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा. ते उत्तर देवोत न देवोत, पुरावा तयार होतो. बँकेला आजच कळवा, पण लेखी तक्रार बहुतेक ठिकाणी पेंडिंग संपून नोंद पक्की झाल्यावरच घेतात.

सांजवेळ
एक शंका. मला अशाच पानावर आलेल्या ओटीपीत "कार्ड वॉलेटमध्ये जोडण्यासाठी" असं लिहिलेलं होतं. तोही वर्गणीचाच प्रकार का?

जुनाखातेदार
नाही, तो फार गंभीर. तो ओटीपी दिला असता तर तुमचं कार्ड त्यांच्या फोनमध्ये बसलं असतं आणि ते दुकानात फोन टेकवून खरेदी करत सुटले असते. टाकला असेल तर बँकेला आत्ता फोन करा.

सांजवेळ
नाही टाकला. सुटले.

निळीशाई
सापडला ईमेल, स्पॅममध्येच. "Your membership is active" असं आहे, हेडफोनचा उल्लेखही नाही. रद्द करायचं पत्र पाठवलं, स्क्रीनशॉट घेतला. बँकेने आवर्ती परवानगी बंद केली, नवं कार्ड मागवलं. आजची रक्कम परत येईल का, त्यावर "नोंद पक्की झाल्यावर बघू" एवढंच म्हणाले.

जुनाखातेदार
त्याची खात्री मीही देऊ शकत नाही. नवं कार्ड आल्यावर पहिली दोन स्टेटमेंट मात्र ओळ न् ओळ वाचा. तेच लोक वेगळ्या नावाने कापायला येतात.