एका पानाचा डॅशबोर्ड: छोट्या दुकानासाठी नेमके कोणते आकडे ठेवू?

नवशिका_विश्लेषक: एका दुकानदारासाठी एक्सेलमध्ये डॅशबोर्ड करतोय. माझ्या मसुद्यात चौदा आकडे आणि तीन पाय चार्ट आहेत. ते बघतात, "छान आहे" म्हणतात आणि बंद करून टाकतात. काय ठेवू, काय काढू?

खतावणी: प्रत्येक आकड्यापुढे एकच प्रश्न लिहा: हा बिघडला तर मालक आज काय करतील? उत्तर नसेल तर आकडा काढा. माझ्या मते तीन पुरतात: आजची विक्री, कोणता माल संपत आलाय आणि थकलेली उधारी. पाय चार्ट तिन्ही काढाच.

विक्री कालच्या विक्रीशी ताडू नका. रविवारी गर्दी असेल तर दर सोमवारी लाल बाण दिसणार आणि महिन्याभरात त्या बाणाकडे कोणी बघणार नाही. सोमवार सोमवारशीच ताडा, तोही सरासरीने नको. समजा मागचे चार सोमवार 17, 18, 16 आणि 29 हजार. 29 एका मोठ्या ऑर्डरमुळे. सरासरी 20, म्हणून आजचे 18 हजार दहा टक्के घट दाखवतात. मध्यक 17.5, म्हणजे दिवस नेहमीसारखाच. रोजची एक ओळ असेल आणि आजची ओळ 30 वी असेल तर:

```
=MEDIAN(B2,B9,B16,B23)
```

गल्ला: मालाचं सोपं आहे. शिल्लक भागिले रोजची सरासरी विक्री, की किती दिवस पुरेल ते कळतं.

खतावणी: बरोबर, पण माल नव्हता ते दिवस वगळूनच. 14 दिवसांत 24 नग गेले, त्यात 6 दिवस फळी रिकामी होती. 14 ने भागलं तर रोजचे 1.7, आणि शिल्लक 12 नग सात दिवस पुरतील असं वाटतं. खरी विक्री 8 दिवसांतली, रोजचे 3; म्हणजे माल चारच दिवसांचा. पुरवठादाराला पाच दिवस लागत असतील तर ऑर्डरला उशीर झालेलाच आहे. पहिल्या हिशोबात हे कळतच नाही, आणि जो माल वारंवार संपतो त्याचीच विक्री कमी दिसते. पानावर सगळा साठा नको, सर्वात आधी संपणाऱ्या पाच वस्तू पुरे.

बिलवाला: मी मोबाइलवरच बिलं करतो. बारकोड स्कॅनर कोणता घ्यावा?

गल्ला: त्याचा वेगळा धागा काढा हो. बाकी, रोजचा नफा का नको?

खतावणी: खरेदीभाव वेळच्या वेळी भरला जात नसेल तर तो नफा खोटा. महिन्याला बघा.

गल्ला: पटलं नाही. सवलतीच्या दिवशी विक्री फुगते आणि हाती काही उरत नाही, ते मग कुठे दिसणार?

नवशिका_विश्लेषक: खरेदीभाव निम्म्याच वस्तूंचे भरलेत, त्यामुळे नफा सध्या बाजूला ठेवतो. एक अडचण: स्क्रीन काउंटरवर आहे, उधारीतली नावं गिऱ्हाइकांना दिसतील.

खतावणी: पानावर फक्त 30 दिवसांपुढची एकूण रक्कम ठेवा, नावं दुसऱ्या शीटवर.

गल्ला: नावं समोर नसली तर वसुलीचा फोन होतच नाही, हे मी पाहिलंय. सकाळी कागदावर छापून गल्ल्यात ठेवा.