बर्फात गाडी : स्नो चेन की कापडी स्नो सॉक्स? तुमचे अनुभव लिहा

मीनल_टाहो :
मागच्या जानेवारीत सॅक्रामेंटोहून हायवे ५० ने साऊथ लेक टाहोला निघालो होतो. एको समिटच्या अलीकडे चेन कंट्रोल लागला, पाटी आर-टू. म्हणजे चारही चाकांना बर्फाचे टायर असलेली फोर-व्हील किंवा ऑल-व्हील गाडी सोडून बाकी सगळ्यांना चेन सक्तीची. आमची साधी सेडान. चेन डिकीत होती, पण दोन वर्षांत पिशवी उघडलीच नव्हती.

रस्त्याच्या कडेला, भुरभुरत्या बर्फात, गुडघ्यांवर बसून मी आणि नवऱ्याने ती शिडीसारखी चेन कशीबशी बसवली. किलोमीटरभर गेलो आणि पुढच्या डाव्या चाकातून ठक ठक ठक सुरू झालं. वेग वाढवला की आवाजही वाढायचा. थांबून पाहिलं तर चाकाच्या आतल्या बाजूचा हूक आम्ही दोन कड्या सैल लावला होता. चेनचं सुटं टोक चाकावरच्या प्लॅस्टिकवर आपटून तिथे भोक पडलं होतं. तिथेच शेजारी ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर असते. ते पाहून माझे हातपाय गळाले.

आता आम्ही असं करतो. आधी चेन जमिनीवर पसरून पीळ काढायचा. हूकचं उघडं तोंड टायरकडे नाही, बाहेरच्या बाजूला. मग चाकावर टाकून आतला हूक आधी, जमेल तितका घट्ट, कारण नंतर तिथे हात पोचत नाही. त्यानंतर बाहेरचा हूक आणि शेवटी रबराचं ताणाचं कडं. पन्नासेक मीटर हळू जायचं, उतरायचं आणि पुन्हा घट्ट करायची. चाक फिरलं की चेन नीट बसते आणि हमखास दोन-एक कड्यांची ढील निघते. आम्ही नेमकं हेच केलं नव्हतं.

तुम्ही काय वापरता, कुठे फसलात, सविस्तर लिहा. स्नो सॉक्सबद्दल मला काहीच अनुभव नाही.

ग्रनोबलकर :
सॉक्सबद्दल मी लिहितो, चार हिवाळे वापरलेत. फ्रान्समध्ये २०२१ पासून १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात डोंगराळ भागात हिवाळी टायर तरी हवेत, नाहीतर चेन किंवा सॉक्स गाडीत तरी हवेत. सॉक्स तिथे चालतात. तुमच्याकडचा नियम मात्र तुम्हीच बघा, सगळीकडे ते चेनच्या बरोबरीचे धरत नाहीत.

चढवायला अगदी सोपे. हँडब्रेक लावून सॉक टायरच्या वरून घालायचा आणि दोन्ही बाजूंनी जमेल तेवढा खाली ओढायचा. जमिनीला टेकलेला भाग उघडाच राहतो. मग गाडी अर्धं चाक पुढे घ्यायची आणि उरलेला भाग ओढून घ्यायचा. थोडा वाकडा बसला तरी चालतं, गाडी चालू लागली की तो आपोआप मधोमध येतो. माझी दोन्ही चाकं पाच-सहा मिनिटांत होतात.

आता खरी अडचण. बूर्ग द्वाझांवरून आल्प द्युएझला चढताना एकवीस वळणं आहेत. एकदा खालच्या वळणांवर रस्ता नुसता ओला होता, बर्फ बरंच वर होतं. पुढे थांबायला जागा मिळेल की नाही, या भीतीने मी खालीच सॉक्स चढवले. वर पोचेपर्यंत मधल्या पट्ट्यात कापड विरलं आणि एका सॉकला तळहाताएवढं भोक पडलं. डांबर म्हणजे सॉक्ससाठी सॅन्डपेपर. ताज्या, दाबलेल्या बर्फावर त्यांची पकड मला खरोखर आवडते. पण चकचकीत बर्फाच्या काचेवर, त्यातही उतारावर, मी त्यांच्या भरवशावर जाणार नाही. तिथे लोखंडच हवं.

आणखी एक. ओले सॉक्स रात्रभर चाकावर ठेवू नका. सकाळी ते लाकडासारखे कडक झाले होते. केटलीभर कोमट पाणी ओतून सोडवावे लागले.

सुहास_काका :
आम्ही गेल्या वर्षी काश्मीरला गेलो होतो. तनमर्गला पोलिसांनी सगळ्या गाड्या थांबवल्या, चेन असेल तरच गुलमर्गला सोडत होते. आमच्या ड्रायव्हरने जॅक न लावता पाच मिनिटांत मागच्या दोन्ही चाकांना चेन बांधल्या. तेव्हा चेन नेहमी मागच्या चाकांना लावावी, हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं. मागून ढकललं तरच गाडी चढते.

ग्रनोबलकर :
काका, तुमच्या ड्रायव्हरने बरोबरच केलं, पण त्याचं कारण गाडीत होतं. तिथल्या बऱ्याच टॅक्सी मागच्या चाकांवर चालतात. इंजिनची ताकद ज्या चाकांना जाते, त्यांना चेन. आपल्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. त्यांना मागे चेन लावली तर पुढची चाकं जागच्या जागी गरगर फिरतील आणि वळणावर गाडी सरळ जाईल.

सुहास_काका :
आमची गाडी पुढच्या चाकांची आहे. चला, बरं झालं विचारलं.

रानवाटा :
पावसाळ्यात आंबोली घाटात शेवाळावरून गाडी घसरते, तिथे हे सॉक्स चालतील का? घाटाखाली घालून वर काढायचे, असं मनात आहे.

मीनल_टाहो :
नको हो. वरचं आल्प द्युएझचं वाचा ना. डांबरावर ते अर्ध्या घाटातच फाटतील, आणि फाटका सॉक चाकात गुंतला तर वेगळंच संकट. तुमचे टायर किती झिजलेत ते आधी बघा.

डेन्व्हरचा_दिनू :
ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी घ्या, चेनची कटकटच नको. मी सहा वर्षांत एकदाही लावलेली नाही.

मीनल_टाहो :
निघायला ऑल-व्हील उत्तम, मान्य. पण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. उतारावर थांबताना तुमची गाडी आमच्यापेक्षा वेगळी नाही, तिथे टायरच कामाला येतो. आणि कॅलिफोर्नियात आर-टूला सूट मिळाली तरी चेन गाडीत ठेवावीच लागते.

म्युनिकहून_अपर्णा :
माझं थोडं वेगळं. भाड्याची गाडी घेऊन ऑस्ट्रियात गेलो. चेन बाजारातून आणल्या, माप टायरवरच्या आकड्यांशी जुळवून, २०५/५५ आर १६. तरी बसवताना आत बोट जाईल एवढीही जागा दिसेना. गाडीच्या पुस्तकात पाहिलं तर या मापाच्या टायरला फक्त बारीक कड्यांची चेन चालेल असं स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे टायरचं माप जुळलं तरी पुरत नाही. शिवाय काही भाड्याच्या करारांत चेन लावायलाच मनाई असते, तेही आधी विचारून घ्या. शेवटी बारीक चेन घेतली आणि घरासमोरच्या पार्किंगमध्ये, कोरड्या हातांनी, दोनदा बसवून काढली. रस्त्यावर दहा मिनिटं लागली. वेग ५० च्या वर नेला नाही.

डेन्व्हरचा_दिनू :
मीनल, ब्रेकचा मुद्दा पटला. मग सांगा, माझ्या ऑल-व्हीलला एकच जोडी असेल तर पुढे लावू की मागे? शेजारी म्हणतो पुढे, म्हणजे वळता येईल. दुकानदार म्हणतो चारही.

ग्रनोबलकर :
गाडीचं पुस्तक काय म्हणतं ते बघ, काही कंपन्या नेमकं चाक सांगतात. फक्त पुढे लावून तीव्र उतरताना माझ्या मित्राच्या गाडीचा मागचा भाग बाजूला सरकला होता. त्यामुळे दुकानदाराच्या बोलण्यात तथ्य आहे असं मला वाटतं, पण चार चेन मी स्वतः कधी लावलेल्या नाहीत. कुणी लावल्या असतील तर लिहा.