चिप्सची पाकिटं भंगारवाला परत का टाकतो?

अवनी_मुलुंड: आमच्या सोसायटीत सुका कचरा वेगळा, धुऊन ठेवतो, तरी भंगारवाला चिप्सची पाकिटं आणि ज्यूसचे खोके तिथेच टाकून जातो. प्लास्टिक आणि पुठ्ठाच आहे ना? मला वाटतं त्याला मेहनत नकोय.

दादरकर: आत अ‍ॅल्युमिनियम असतं ना, ते वितळत नाही, म्हणून अडतं.

सुहास_भांडुप: अर्धंच बरोबर. मी धारावीत प्लास्टिक वितळवून दाणा काढायच्या कारखान्यात सहा वर्षं होतो. पाकिटातली चंदेरी इतकी पातळ असते, अ‍ॅल्युमिनियमच्या वाफेने चढवलेली, की तेवढ्याने मशीन अडत नाही. अडतं ते एकमेकांना चिकटलेल्या वेगवेगळ्या प्लास्टिकमुळे. दुधाची पिशवी सगळी पॉलिथीनची, ती साधारण 120 अंशाला वितळते. बिस्किटाच्या, शाम्पूच्या बऱ्याच पाकिटांत बाहेर पीईटी नावाचं दुसरं प्लास्टिक असतं, त्याला 250 च्या वर लागतं. कमी तापमान ठेवलं की पीईटीचे कडक तुकडे जाळीत अडकतात, वाढवलं की पॉलिथीन जळून धूर निघतो, वर शाईचा वायू, मग दाण्यात बुडबुडे. असा दाणा कोण घेणार? ताई, घरी ताणून बघा, दुधाची पिशवी ताणली जाते, चिप्सचं पाकीट ताणतच नाही, सरळ फाटतं. त्यात एक पाकीट 3-4 ग्रॅमचं, किलो व्हायला अडीचशे-तीनशे वेचायची, मेहनत नको असं कसं म्हणता?

नेहा_ठाणे: आमच्याकडे ऑनलाइन पार्सलचे खोके तर लगेच नेतात की!

सुहास_भांडुप: ते नुसते कागदाचे हो. ज्यूसचा खोका वेगळा, रात्रभर पाण्यात भिजवून सोलून बघा, कागद सुटतो पण आतलं प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा एकत्रच राहतं. एक लिटरचा खोका साधारण 30 ग्रॅम, त्यातले जवळपास तीन चतुर्थांश कागद. पण साध्या रद्दीच्या मिलमध्ये तो लवकर सुटत नाही, लगदा करायच्या पल्पर मशीनमध्ये जास्त वेळ घुसळावा लागतो आणि उरलेल्या पापुद्र्याचे पत्रे बनवणारा कोणी लागतो. जवळ असा कोणी नसेल तर भंगारवाल्याला भाडंही सुटत नाही.

दादरकर: मग कंपन्या एकाच प्लास्टिकची पाकिटं का करत नाहीत? 2016 च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमात तर ज्यांचा पुनर्वापर होत नाही अशी बहुस्तरीय पाकिटं दोन वर्षांत बंद करायची होती!

प्रज्ञा_पॅकेजिंग: 2018 मध्ये त्या नियमात बदल झाला, ज्याची ऊर्जा काढता येते किंवा दुसरा काही उपयोग होतो ते चालेल म्हणून, त्यामुळे सिमेंटच्या भट्टीत जाळायचा रस्ता मोकळा झाला. आणि थर उगाच नसतात, चंदेरी नसेल तर हवा-ओलावा आत जाऊन चिप्स मऊ पडतात, तेल खवट होतं. सगळं पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट करता येतं, आम्ही केलंय, पण ते चिकटवायला तापमान नेमकं ठेवावं लागतं, जरा जास्त झालं की बाहेरचा थरच आकसतो, म्हणून मशीन हळू चालवावं लागतं.

दादरकर: हळू चालवा मग! त्याचा भार भंगारवाल्याने का उचलायचा?

सुहास_भांडुप: हे मात्र खरं. तरी भट्टीत जाळणं म्हणजे विल्हेवाट, पुनर्वापर नाही, प्रज्ञाताई.

प्रज्ञा_पॅकेजिंग: देवनारच्या कचरा डेपोत पडून राहण्यापेक्षा मला ते बरं वाटतं, तुमचं नाही पटत तर राहू दे.