दातांवरून सांगितलेलं वय

> "आमच्या कुत्रीचे पुढचे दात पार झिजलेत, म्हणून डॉक्टर आठ वर्षं म्हणाले. खरंच एवढी म्हातारी असेल का?"

नुसत्या पुढच्या दातांवर जाऊ नका. रस्त्यावरची कुत्री हाडं, दगड चावतात, त्यामुळे ते लवकर घासतात. मी उचलून आणलेल्या कुत्रीचे खालचे दात सपाट होते, खरजेने केस गेलेले, उठताना लंगडायची. सगळ्यांनी नऊ-दहा वर्षं धरली. पण ओठ मागे सारून दाढा पाहिल्या तर टोकं शाबूत, किटण फक्त हिरडीच्या कडेला. मग अंधाऱ्या खोलीत बाजूने टॉर्च धरला. डोळ्याची बाहुली स्वच्छ काळी होती. साधारण सहा-सात वर्षांनंतर तिथे निळसर धुरकटपणा दिसू लागतो, म्हणून ती त्याच्या आतली असावी असं वाटलं. (मोतीबिंदू वेगळा, पांढरट. तो तरुण कुत्र्यालाही होतो, त्यावरून वय धरू नका.)

दोन-तीन महिन्यांत खरूज गेली, तोंडावरही काळेभोर केस आले. लंगडणं जुन्या फ्रॅक्चरचं निघालं. शेवटी डॉक्टरांनी कार्डावर "३ ते ५ वर्षं" लिहिलं. तुमच्या कुत्रीच्या दाढा आणि डोळे बघून इथे कळवा ना, मी वाट बघतेय.