'बघून घे' एवढंच लिहून काम आलं तर तुम्ही काय विचारता?

आज टीममधल्या नव्या मुलीला आलेला मेल पाहिला. खाली वीस मेलची साखळी, वर फक्त 'प्लीज बघून घे'. माझं जुनं सगळं आठवलं. सरांनी मलाही एका व्हेंडरच्या थकलेल्या बिलांची साखळी अशीच पाठवली होती. मी चार दिवस बसून वर्षभराची बिलं पर्चेस ऑर्डरशी ताडून पाहिली आणि सरांना हवं होतं एवढंच की अडकलेल्या बिलांचं पेमेंट कधी होणार ते व्हेंडरला कळवायचं, तेही दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगआधी. मीटिंग केव्हाच होऊन गेलेली. खूप रडले होते तेव्हा.

पुढच्या वेळी असाच मेल आला तेव्हा लगेच लिहिलं:

"सर, मी असं धरतेय की अडकलेली तीन बिलंच क्लिअर करायची, जुना हिशोब आत्ता उघडायचा नाही. गुरुवार संध्याकाळपर्यंत करते, त्यासाठी मंथ-एंडचा रिपोर्ट सोमवारवर जाईल, चालेल का? व्हेंडरला तारीख मी कळवू की तुम्ही? उद्या बारापर्यंत तुमचं काही आलं नाही तर तपासायला घेते, पण तुमच्या होकाराशिवाय व्हेंडरला काही कळवत नाही."

दहा मिनिटांत उत्तर: "दोनच बिलं. तिसरं वादात आहे, हात लावू नको. बुधवार. रिपोर्ट चालेल."

तिसऱ्याचं मला कुठून कळणार होतं! तुमचे अनुभव लिहा.

शमिका
आमच्याकडे तोंडीच सांगतात, तेही लिफ्टमध्ये. मेल कुठला.

जुनाखांब
@शमिका, मग जागेवर येऊन दोन ओळी टाकायच्या, 'आत्ता बोललो त्याप्रमाणे'. मी स्वतः मॅनेजर आहे, माणूस "नक्की काय करू?" विचारतो तेव्हा मला सगळी साखळी परत वाचावी लागते म्हणून उत्तर राहून जातं. त्याने स्वतःचा अंदाज लिहिला की चूक लगेच दिसते. वरच्या मेलमधलं सगळ्यात कामाचं वाक्य रिपोर्ट मागे जाईल ते, कारण आधी काय हे मलाच ठरवायचं असतं

निशिगंध_७
मी तर सरळ सगळ्यांना सीसीत घेते, नंतर कोणी नाही म्हणू शकत नाही

जुनाखांब
पुरावा राहतो खरा, पण सगळ्यांसमोर विचारलं की मॅनेजर सावध होऊन मोघम लिहितो. आधी एकट्याला विचारा, ठरलं की सीसी.

अरुंधती
'बारापर्यंत काही आलं नाही तर' हे मी केलं होतं, क्लायंटला डिस्काउंट कळवून टाकलं. मॅडम रजेवर होत्या, मेल पाहिलाच नव्हता. फार महागात पडलं. पैसे किंवा बाहेर शब्द द्यायचा असेल तर फोनच करा

केदार०२
पण डेडलाइन विचारली की 'लवकरात लवकर' येतं त्याचं काय

शमिका
तेच ना!! आणि ताई त्या नव्या मुलीने काय उत्तर पाठवलं शेवटी?

धागाकर्ती
अजून नाही, ड्राफ्ट दाखवायला येतेय आत्ता. @केदार, मी तारीख विचारत नाही, हे कुठल्या मीटिंगआधी लागणार ते विचारते.