मदत हवी आहे: स्पीड २०० एमबीपीएस, तरी गेम अडकतो

स्पीड टेस्टमध्ये डाउनलोड २००, अपलोड २० एमबीपीएस येतो. तरी शूटिंग गेममध्ये समोरचा खेळाडू मध्येच गोठतो आणि एकदम दुसरीकडे दिसतो. गेमला डेटा फारच थोडा लागतो, पण त्याची छोटी पॅकेट सारख्या अंतराने यावी लागतात. माझी गाडी तिथेच अडते आहे. खेळताना दोन खिडक्यांत हे चालू ठेवलं:

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

पहिला पत्ता माझ्या राउटरचा. तिथला पिंग १ एमएसवर स्थिर आहे. लॅन केबल लावलेली आहे, त्यामुळे वायफायवर संशय नाही. बाहेरचा पिंग एरवी २४ ते २७, म्हणजे जिटर नगण्य. पण घरातल्या फोनचा फोटो बॅकअप सुरू झाला की तोच ९०, ३१०, ४२० असा उसळतो. बॅकअप थांबवला की लगेच पूर्ववत. एकही पॅकेट हरवत नाही, फक्त उशिरा पोहोचतं. म्हणून मला वाटतं, अपलोड भरला की पॅकेट राउटरच्या किंवा मोडेमच्या बफरमध्ये रांगेत तुंबतात.

राउटरमध्ये एसक्यूएम आहे. अपलोड मर्यादा १८ ठेवली तर पुरेल, की आणखी खाली आणावी? डाउनलोडलाही मर्यादा घालावी लागते का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.