मदत हवी आहे: तीन एकर कोरडवाहूत सोयाबीन की कपाशी?

बांधावरचा:
नमस्कार. माझी तीन एकर जमीन पूर्णपणे पावसावर अवलंबून आहे. दोन एकर भारी काळी आहे आणि उतारावरचा एक एकर इतका हलका आहे की वीतभर खाली मुरूम लागतो. घरात राबणारे आम्ही दोघेच. आजवर तिन्ही एकरांत कपाशीच घेत आलो. भावाच्या चढउतारामुळे गोंधळ होऊ नये म्हणून खर्च मी क्विंटलांत मांडतो: एकरी खर्च भागायला पावणेचार क्विंटल कापूस जातो, आणि गेल्या तीन हंगामांत सरासरी उतारा पाच, साडेचार आणि तीन असा आला. शेवटच्या वर्षी गुलाबी बोंडअळी होती. शेजाऱ्याच्या सोयाबीनचा एकरी खर्च साडेतीन क्विंटलांत निघतो. चांगल्या वर्षी त्याला सात क्विंटल होतात, वाईट वर्षी तीनही होत नाहीत. पीक बदलावे का?

काळी माती:
डोळे झाकून सोयाबीन घ्या. ते हवेतले नत्र स्वतःच घेते, त्यामुळे खताचा खर्च शून्य. शंभर दिवसांत रान मोकळे होते आणि उरलेल्या ओलीवर हरभराही साधतो.

जुनी पाभर:
हरभऱ्याचे म्हणणे भारी जमिनीपुरते पटते, खताचे मात्र अर्धेच खरे आहे. मुळांवरच्या गाठी काम करू लागेपर्यंत रोपाला थोडे नत्र द्यावेच लागते, आणि स्फुरद व गंधक तर हवेतून मिळत नाही. गाठी फोडून पाहा; आतून गुलाबी असतील तर त्या काम करत आहेत, पांढऱ्या किंवा हिरवट असतील तर नाही.

खरा फरक मजुरीत आहे. एक माणूस दिवसाला पंचवीस किलो कापूस वेचतो असे धरले, तर पाच क्विंटलांना वीस दिवस लागतात, आणि हे काम तीन-चार वेचण्यांत विभागलेले असल्यामुळे दोघांच्या घराला त्यातले बरेचसे स्वतः करता येते. सोयाबीनची कापणी थोडक्यात आटोपते, पण ती चार-सहा दिवसांतच उरकावी लागते. उशीर झाला तर शेंगा तडकतात आणि पाऊस आला तर दाण्याला कोंब फुटतात. म्हणजे सोयाबीनला मजूर कमी लागतात, पण ते नेमक्या दिवशीच मिळायला हवेत.

पावसाच्या खंडाचेही तसेच आहे. भारी जमिनीत कपाशीचे सोटमूळ खोल जाते, त्यामुळे तीन आठवड्यांच्या उघडिपीनंतरही ती पुन्हा पाते धरू शकते. सोयाबीनचा दाणा भरताना तोच खंड पडला, तर दाणा भरण्याचे ते दिवस परत मिळत नाहीत. मुरमाड एकरात मात्र कपाशीचा हा फायदा उरत नाही, कारण मुळाला खाली जायला जागाच नाही. तिथे मी दोन्ही पिके टाळून मूग किंवा उडीद घेईन.

हिरवा शिवार:
माझ्याकडे ठिबकवर कपाशी एकरी बारा क्विंटल होते. तुमचे वाण चुकत असावे, दोन बोंडांतले अंतरही पाहा.

बांधावरचा:
दादा, माझ्याकडे विहीरच नाही, त्यामुळे ठिबकचा हिशेब इथे लागू होत नाही. पाभरकाका, बियाण्याचे काय? कपाशीचे संकरित बियाणे दरवर्षी विकतच घ्यावे लागते. सोयाबीनचे घरचे चालेल का?

जुनी पाभर:
चालते, आणि तिथेच मोठी बचत होते. मात्र ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून आठवडाभराने मोजा. सत्तरच्या वर चांगले कोंब आले तर एकरी तीस किलो पुरे. साठच्या आसपास असतील तर बियाणे त्या प्रमाणात वाढवा. त्याहून कमी असतील तर ते बियाणे पेरू नका. या दाण्याचे साल फार नाजूक असते, त्यामुळे मळणीयंत्र वेगात फिरले किंवा पोती आपटली तरी उगवण घटते. पुढच्या वर्षीचे बियाणे वेगळे, कमी वेगावर मळून घ्या.

भारी दोन एकरांत यंदा एक एकर कपाशी ठेवा. तीही बोंडअळीचा मुक्काम लांबू नये म्हणून डिसेंबरअखेर उपटून टाका, फरदडीचा मोह नको. दुसऱ्या एकरात चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर पेरा. दाणा भरताना खंड पडून सोयाबीन बसले तरी तूर मागून सावरते.

बांधावरचा:
मांडणी पटली. अडचण एकच आहे: शेजारची राने मोकळी झाल्यावर माझी एकट्याची तूर उभी राहील आणि इकडे रानडुकरांचा उपद्रव आहे. शिवाय त्या एकरात हरभराही घेता येणार नाही. मग हा बचाव महाग पडतो का?

काळी माती:
म्हणूनच म्हणतो, निव्वळ सोयाबीन आणि नंतर हरभरा.

जुनी पाभर:
हरभरा पेरताना जमिनीत ओल असेल याची खात्री आज कोण देणार? डुकरांचा त्रास किती आहे ते तुम्हालाच ठाऊक; तो जास्त असेल तर मी तूर सुचवणार नाही. कुणी डुकरांच्या पट्ट्यात सोयाबीन-तूर घेत असेल, तर त्याचा अनुभव मलाही वाचायचा आहे.